सिव्हिलायझेशन ७ च्या डेव्हलपरना पत्र: खर्डा टाकतोय, चुका काढा

अजून_एक_टर्न

मंडळी, बरेच महिने मनात घोळत होतं, शेवटी काल रात्री बसून लिहून काढलं. पाठवताना इंग्रजीत करणार आहे, पण भांडण मातृभाषेतच नीट सुचतं म्हणून आधी मराठीत. शिव्या नाहीत, उगाच लोणीही लावलेलं नाही. ज्यांनी ७ खेळलाय त्यांनी तपासा. ज्यांनी नाही खेळला त्यांनाही कळतंय का, तेही सांगा.

---

सप्रेम नमस्कार,

मी तुमचा खेळ तिसऱ्या भागापासून खेळतो. तो तिसरा भाग सायबर कॅफेत, तासाला वीस रुपये मोजून, चोरट्या सीडीवरून खेळलो. त्याबद्दल माफी असावी. पुढचे सगळे भाग विकत घेतले आणि सहाव्यावर माझे अकराशे तास झालेत. हे अशासाठी सांगतो की पुढची तक्रार घरच्या माणसाची आहे.

सातव्यात काय आवडलं ते आधी सांगतो. सेनापती, म्हणजे तुमचे आर्मी कमांडर, ही या मालिकेतली कित्येक वर्षांतली सगळ्यात चांगली सुधारणा आहे. पूर्वी दहा युनिट डोंगरातून पलीकडे न्यायची तर प्रत्येकाला वेगळं हाकावं लागे, आणि एक मागे राहिलं की घाटात ट्रॅफिक जॅम. आता सगळी सेनापतीच्या पोटात भरायची आणि पोहोचल्यावर उतरवायची. लढाईचा अनुभवही सेनापतीला मिळतो, त्यामुळे त्याच्याविषयी माया वाटते. जहाजं आत शिरतील अशा नद्याही सुंदर. बिल्डर काढून टाकलेत याचंही मला दुःख नाही.

आता तो एक डाव सांगतो. फेब्रुवारी २०२५, खेळ नुकताच आलेला. सातव्यात डाव युगांमध्ये विभागलाय: नेता तोच राहतो, पण प्रत्येक युगात देश नवा घ्यावा लागतो. मी अशोक घेतला, पहिल्या युगासाठी मौर्य. शेजारी ऑगस्टस, रोमन. माझ्या स्वतः वसवलेल्या सहा वस्त्या आणि जिंकलेल्या दोन. युगात गाठायच्या उद्दिष्टांना वारसा म्हणतात. त्यातल्या लष्करी वारशाच्या हिशेबात वसवलेल्या वस्तीला एक गुण आणि जिंकलेल्या वस्तीला दोन, म्हणजे माझे दहा झाले होते. बारा झाले की सुवर्णयुग, म्हणजे पुढच्या युगात जादा फायदा. रोमनांचं नदीकाठचं एक शहर घेतलं की काम फत्ते.

वेढा अकरा टर्न चालला. दोन सेनापती, आठ युनिट. तुमच्या नव्या नियमाप्रमाणे शहराचे तटबंदी असलेले सगळे भाग घ्यावे लागतात, नुसतं मधलं केंद्र पाडून भागत नाही. हा नियमही मला आवडला, कारण वेढा वेढ्यासारखा वाटतो. नदीपलीकडचा भाग मी घेतला. केंद्राची तटबंदी जवळपास संपली होती. दोन टर्न, फार तर तीन. त्याच वेळी युगाच्या शेवटी येणारं संकट माझ्याकडेही चालू होतं. धोरणांच्या जागी नुकसानीची कार्डं लावणं भाग होतं, लोक नाराज होते. तरी मी रेटत होतो. वर युगाची प्रगती ९४ टक्के दिसत होती. मी मनात म्हटलं, आहेत अजून पाच-सहा टर्न.

‘एंड टर्न’ दाबलं आणि युग संपलं.

नवीन युग उघडलं तेव्हा युद्ध नव्हतं. वेढा नव्हता. सेनापतींच्या पथकात मावली तेवढी युनिट राहिली होती, तीही माझ्या मुलखात परत. ऑगस्टस आता नॉर्मन होता आणि मी चोळ. राजधानी सोडून सोनं मोजून शहराचा दर्जा दिलेल्या माझ्या तीन वस्त्या पुन्हा साध्या टाउन झाल्या होत्या. ज्या भिंतीसाठी अकरा टर्न घालवले ती भिंत धडधाकट उभी.

मी हरलो असतो तर एवढं लागलं नसतं. याआधी शेकडो डाव हरलोय. ऑगस्टसनं मदतीला फौज आणली असती, माझी मागची वस्ती पेटवली असती, तर मी त्याला मनापासून शिव्या घालून पुन्हा बसलो असतो. इथे मला कोणी हरवलंच नाही. मैदानात पंच येऊन स्टंप उपटून घेऊन गेले.

तुम्ही हे का केलंत ते मला ठाऊक आहे, तुमच्या लोकांनी जाहीरपणे सांगितलंय. बहुतेक लोक डाव शेवटपर्यंत खेळत नाहीत. मधेच एक खेळाडू इतका पुढे जातो की उरलेला खेळ म्हणजे नुसतं बटण दाबणं. हे अगदी खरं आहे, माझ्याही सहाव्याच्या डावांपैकी निम्मे असेच सोडलेले. पण दुखणं शेवटच्या शंभर टर्नमध्ये होतं आणि तुम्ही औषध दिलंत ते पहिल्या युगाच्या शेवटाला, जिथे चुरस सगळ्यात जास्त असते. आमच्याकडे याला आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात.

माझं मागणं मोठं नाही. युगं ठेवा. देश बदलणंही ठेवा, सवय होईल. पण चालू असलेलं युद्ध पुसू नका. ज्याचा वेढा चालू आहे त्याचा वेढा पुढच्या युगात चालू राहू द्या. तलवारीच्या जागी बंदुका आल्या तरी चालेल.

आपला,
एक जुना खेळाडू

---

षटकोनी

पत्र चांगलंय. पण एक चूक काढतो, नाहीतर ते लोक तिथेच पकडतील.

९४ टक्के म्हणजे सहा टर्न शिल्लक, असं नसतं. तो काटा दर टर्नला आपोआप थोडा सरकतो हे खरं, पण त्याशिवाय कोणीही, म्हणजे नकाशावरच्या कुठल्याही खेळाडूनं, वारशाचा टप्पा गाठला की तो एकदम उडी मारतो. तंत्रज्ञानाच्या झाडातलं शेवटचं ‘फ्यूचर टेक’ कोणी पुरं केलं तरीही. तुझ्या डावात बहुधा पलीकडच्या कोणीतरी तिसरा टप्पा गाठला आणि काटा थेट १०० वर गेला. त्या टर्नच्या सूचना बघितल्या असत्यास तर दिसलं असतं.

म्हणजे ‘पंच स्टंप घेऊन गेले’ हे पूर्ण खरं नाही. प्रतिस्पर्ध्यानं सामना संपवला, तू स्कोअरबोर्डकडे बघत नव्हतास. पत्रात हे कबूल कर आणि मग म्हण, की काटा असा उडी मारणारा असेल तर निदान आधी ढोल वाजवा.

दुसरं, डाव मांडताना युगाची लांबी निवडता येते. लांब युग घेतलंस तर श्वास घ्यायला वेळ मिळतो.

अजून_एक_टर्न

अरे हो. सूचनांमध्ये काहीतरी आलं होतं, मी झटकून टाकलं. वेढ्यात गुंतलो होतो. हे पत्रात घालतो.

लांब युगाचं मात्र पटत नाही. त्यानं कडेलोट पुढे जातो, कडा तिथेच राहतो.

रात्रपाळी

दादा, तुम्ही जुन्या आवृत्तीवर रडताय. नंतरच्या अपडेटमध्ये ‘कंटिन्युइटी’ नावाचा पर्याय आलाय. तो लावा, सगळा प्रश्न मिटतो. पत्र पाठवायची गरजच नाही.

षटकोनी

@रात्रपाळी, सगळा नाही. त्या पर्यायानं युनिट जिथे होती तिथेच राहतात, गोळा करून घरी पाठवली जात नाहीत. पत्रातली ती एक ओळ त्यामुळे जुनी झाली, तेवढी दुरुस्त करायला हवी. पण युग बदलतंच, नवा देश निवडावाच लागतो, जुन्या युगाच्या इमारती कालबाह्य होतातच. ग्रंथालय बांधताना शेजारी काय आहे ते बघून जागा निवडलेली असते. नव्या युगात तो शेजाराचा फायदा जातो आणि त्याच जागेवर नवी इमारत चढवावी लागते. ज्यांना ‘एजलेस’ म्हणतात त्या तेवढ्या टिकतात: धान्यकोठारासारख्या साध्या इमारती, आश्चर्यं, आणि प्रत्येक देशाच्या खास इमारती.

म्हणून मुरलेले लोक काय करतात माहितीये का? युगाच्या शेवटच्या दहाएक टर्नमध्ये नवीन इमारत बांधायचीच नाही. युनिट सेनापतींमध्ये भरायची. सेनापती कमी असतील तर आणखी एक बनवायचा, कारण जागा तिथेच. सुवर्णयुगाचा एखादा टप्पा हाताशी असेल तर तेवढा गाठायचा. आर्थिक वारसा पुरा केलास आणि ते सुवर्णयुग घेतलंस तर तुझी शहरं शहरंच राहतात, टाउन होत नाहीत, हे लक्षात ठेव. तुझ्या त्या तीन वस्त्या वाचल्या असत्या.

अजून_एक_टर्न

हे तू सल्ला म्हणून सांगितलंस, पण माझी खरी तक्रार हीच आहे. शेवटच्या दहा टर्नमध्ये शहाणपण कशात, तर काही न करण्यात. राज्य करतोय असं वाटतच नाही. भाड्याचं घर सोडताना खोकी भरतोय, आणि भिंतीला खिळा ठोकायचा नाही कारण डिपॉझिट कापतील.

चतुरंग_४७

खोक्यांची उपमा पत्रात घाला, स्टंपची काढा. त्यांना क्रिकेट कळेलच असं नाही.

तोफखाना

देश बदलण्याची ही आयडिया ह्यूमनकाइंडवरून सरळ सरळ ढापलीये. २०२१ मध्ये आलेला तो गेम, तोही लोकांना आवडला नव्हता. पत्रात ठणकावून लिहा.

षटकोनी

अर्धं बरोबर. युगागणिक संस्कृती बदलायची कल्पना तिथे आधी आली होती. पण तिथे पुढच्या युगात कधी जायचं ते खेळाडू ठरवतो. सात तारे मिळवले की दार उघडतं, लगेच आत जा नाहीतर आणखी तारे गोळा करत बस. जुनीच संस्कृती पुढे न्यायची मुभाही आहे. आणि तू गेलास म्हणून शेजाऱ्याचा डाव थांबत नाही, तुझं युद्धही पुसलं जात नाही. तेव्हा ‘ढापलं’ म्हणण्यापेक्षा ‘ढापताना कामाचा भाग मागे ठेवला’ म्हण हवं तर. पण पत्रात यातलं काहीच नको. दुसऱ्याच्या घरचं जेवण चांगलं होतं असं यजमानाला सांगून काय मिळणार?

पिंट्याचे_काका

मी हा खेळ नियमित खेळतो, पण मला तुमची तक्रार समजली नाही. युग बदलायला पाचशे धान्य लागतं, ते जमवलं की टाउन सेंटरवर बटण दाबायचं. पुढच्या युगाला आठशे धान्य आणि दोनशे सोनं. युग बदललं म्हणून माझं काहीच कधी गेलं नाही. उलट घरं छान दिसायला लागतात. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काही बिघाड आहे का?

तोफखाना

काका, ते एज ऑफ एम्पायर्स २ 😄

पिंट्याचे_काका

असं होय. पिंट्यानं लावून दिलाय, मी नाव कधी वाचलंच नाही. चालू द्या तुमचं.

चतुरंग_४७

हसू नका, काका चुकून मुद्द्यावर बोललेत. त्या खेळात युग कधी बदलायचं ते तुम्ही ठरवता आणि त्याची किंमत मोजता. धान्य युगात घातलं म्हणजे तेवढे सैनिक कमी. घाई केलीत तर फौज तोकडी, उशीर केलात तर समोरचा किल्ला बांधून बसलेला. युगबदल हीच एक चाल आहे. सातव्यात युगबदल ही चाल नाही, हवामान आहे. येतं आणि भिजवून जातं.

अजून_एक_टर्न

@चतुरंग_४७, हे मला सुचायला हवं होतं. रात्रभर मी ‘माझं युद्ध पुसलं’ म्हणत बसलो. खरा सल हा आहे की केव्हा पुसायचं यात मला काही म्हणणंच नव्हतं. काका, तुमचे आभार!

जुना_सरदार

मी चौथ्या भागापासूनचा. एक आठवण करून देतो, कारण इथे बरेच जण सहाव्यात जन्मलेले दिसतात.

२०१० मध्ये पाचवा आला तेव्हा आम्हीही असंच पत्र लिहिलं होतं. चौथ्यापर्यंत एका चौकोनावर हवी तेवढी युनिट रचता यायची. तीस युनिटांचा ढीग घेऊन निघायचं, ज्याचा ढीग मोठा तो जिंकला. पाचव्यानं चौकोनाचे षटकोन केले आणि एका षटकोनात एकच लढाऊ युनिट. आम्ही आकाश डोक्यावर घेतलं. वर पाचव्यात सुरुवातीला धर्म नव्हता, हेर नव्हते. दोन्ही २०१२ च्या विस्तारात परत आले. आज पाचव्याला कोण वाईट म्हणतं?

आणि तुझे ते लाडके सेनापती? ते म्हणजे तेच जुने ढीग, नीटनेटका डबा भरून परत दिलेले. वाटेत ढीग, लढताना सुटे. चौदा-पंधरा वर्षं लागली पण उत्तर मिळालं. तेव्हा धीर धरावा असं माझं मत.

अजून_एक_टर्न

सरदार, सेनापतींचं असं कधी वाटलं नव्हतं. मस्त. पण फरक सांगू? पाचव्यानं माझी फौज कशी चालते ते बदललं. ती फौज माझीच राहिली, ती काय करतेय त्याचे परिणाम माझेच राहिले. सातव्यानं परिणाम काढून घेतला.

जुना_सरदार

आम्हीही तेव्हा ‘हा फरक वेगळाच आहे’ असंच म्हणत होतो. असो. तुझ्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही.

मोगरा

मी उलट्या बाजूची. मला ७ आवडतो, तोही नेमका या युगांमुळेच.

लेकाला झोपवून दहाला बसते, बारापर्यंत. सहाव्याचे बावीस डाव सुरू केले, एकही पुरा केला नाही. दोनशेव्या टर्नपर्यंत अठरा शहरं होतात, प्रत्येकाला काय बांधायचं ते खेळ विचारतो, चार दिवसांनी परत उघडलं की आपण कोण, कुठे, कशासाठी लढतोय ते आठवत नाही. सातव्याचे चार डाव पूर्ण केलेत. आठवड्यात एक युग, शनिवारी संपलं की थांबायचं. नवीन युगात सगळी पाटी जवळपास कोरी, म्हणून परत आत शिरायला सोपं. शहरं टाउन होतात ते तर मला वरदान वाटतं. टाउनला दर वेळी काय बांधू विचारावं लागत नाही, त्याचं उत्पादन आपलं सोन्यात येतं.

तुमचा वेढा गेला त्याचं वाईट वाटलं. पण ‘शहरं काढून घेतली’ हे सगळ्यांच्या वतीनं लिहू नका.

अजून_एक_टर्न

@मोगरा, प्रामाणिकपणे सांगतो, असा विचार मी केला नव्हता. मी सुट्टीच्या दिवशी सलग आठ तास खेळतो, मला शनिवारी थांबायला काही नकोच असतं. ते वाक्य काढतो. पण एक विचारतो: तुमचं कधी युद्ध अर्धवट असताना युग संपलं?

मोगरा

एकदा. चालू युद्धात मीच हरत होते, त्यामुळे सुटले! 😀 आता विचार करते तर ते शेजाऱ्यावर अन्यायकारकच होतं. तो जिंकत होता.

शिलेदार_९६

तुम्ही सगळे बारीकसारीक गोष्टींवर बोलताय. मुख्य मुद्दा हा की भारताचे देश दिले तीन: मौर्य, चोळ, मुघल. आधुनिक युगात मुघल आहेत आणि मराठे नाहीत? अठराव्या शतकात दिल्लीच्या गादीवर कोण बसणार ते पुण्यातून ठरत होतं! पत्रात पहिला मुद्दा हाच हवा.

तोफखाना

+१. अशोकाला घेऊन खेळलो आणि शेवटी सम्राट अशोक मुघलांचा पातशहा झाला. आजोबांना स्क्रीन दाखवली, ते जेवायचे थांबले.

षटकोनी

मुघल सक्तीनं घ्यावे लागत नाहीत. पुढच्या देशांपैकी काही आधीच्या देशामुळे आणि नेत्यामुळे खुले होतात, काही तुम्ही डावात काय केलंत त्यावर. घोड्यांची तीन ठिकाणं ताब्यात घेऊन विकसित केलीत तर मौर्यांचे मंगोल होता येतं. तो प्रकार मला तरी आवडतो, निदान तिथे केल्याचं फळ मिळतं.

मराठ्यांचं म्हणणं रास्त आहे, मलाही ते हवेत. घोडदळ, चौथाई, किल्ले, खेळायला मजा येईल. पण तो वेगळा अर्ज आहे. या पत्रात घातला की वाचणारा म्हणेल, आणखी एक देश मागणारं पत्र आलं, आणि त्या गठ्ठ्यात टाकेल. वेढ्याचा मुद्दा मरेल.

शिलेदार_९६

गठ्ठा मोठा झाला तरच लक्ष जातं साहेब.

संपादक_मंडळ

मराठे-मुघल विषयासाठी वेगळा धागा काढावा. इथे तीच चर्चा सुरू झाली तर प्रतिसाद हलवले जातील.

रात्रपाळी

माझ्या मते पत्राची वेळच निघून गेलीये. स्टुडिओनं २०२५ च्या शेवटी जाहीर केलंय की एकच देश शेवटपर्यंत खेळता येईल अशा पर्यायावर काम चालू आहे. म्हणजे त्यांनी ऐकलंय. मग अजून कशाला टोकायचं?

चतुरंग_४७

कारण लोकांनी दोन वेगळ्या गोष्टींबद्दल आरडाओरडा केला आणि त्यातली एकच मोठ्यानं ऐकू गेली. ‘माझा देश बदलू नका’ हे समजायला सोपं आहे, चार शब्दांत सांगता येतं. ‘युगाच्या शेवटी माझ्या निर्णयांना अर्थ उरत नाही’ हे सांगायला एक वेढा लागतो. उद्या मौर्य शेवटपर्यंत मौर्य राहिले, पण काटा १०० वर गेल्यावर सगळं तसंच थांबत असेल, तर धागाकर्त्याचं दुखणं तिथेच. नाव तेवढं जुनं.

म्हणून पाठवाच. मागणं मात्र नेमकं करा. ‘युद्ध पुसू नका’ म्हटलं की ते विचारतील, मग रोमनांचे नॉर्मन झाल्यावर युद्ध कोणाशी? त्याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

अजून_एक_टर्न

उत्तर आहे. नेता तोच राहतो ना? वैर ऑगस्टसशी होतं, तो समोरच बसलाय.

मोगरा आणि सरदार, तुमच्या दोघांमुळे सूर बराच खाली आणलाय. स्टंप काढले. मधला भाग नव्यानं लिहिलाय, तेवढाच टाकतो:

*“चूक माझीही होती. प्रतिस्पर्धी टप्पा गाठतोय ही सूचना मी वाचली नाही. पण मी ती वाचली असती तरी काय केलं असतं याचा विचार करून पाहिला. वेढा उठवून युनिट सेनापतींमध्ये भरली असती आणि एंड टर्न दाबत बसलो असतो. नीट खेळणाऱ्याला तुमचा खेळ शेवटच्या दहा टर्नमध्ये खोकी भरायला लावतो, आणि मन लावून खेळणाऱ्याला शिक्षा करतो.*

*मला माहीत आहे की युगांमुळे काही जण पहिल्यांदाच डाव पूर्ण करू शकले. ज्यांना रात्री दोनच तास मिळतात त्यांच्यासाठी तो थांबा मोलाचा आहे, तो काढू नका. शहरांची टाउन होतात त्याबद्दलही आता माझी तक्रार नाही. मागणं एकच. काटा १०० ला पोहोचला की युग लगेच संपवण्याऐवजी शेवटचे पाच टर्न जाहीर करा, सगळ्यांना दिसतील असे, आणि त्या पाच टर्नमध्ये काटा कोणालाही ढकलता येऊ नये. ज्याला खोकी भरायची तो भरेल. ज्याला भिंत पाडायची तो पाडून बघेल. पाचव्या टर्नला भिंत उभी राहिली तर तो माझा पराभव, आणि मी तो मान्य करीन.”*

षटकोनी

हे चांगलं झालं. माझी एक शंका राहते. पाच टर्न जाहीर केलेस की सगळेच त्या पाच टर्नमध्ये तुटून पडणार, कारण बदला घ्यायला पुढे वेळच नाही. शेवटच्या षटकासारखी आंधळी फटकेबाजी होईल. संगणक खेळाडूंना तर ते अजिबात झेपणार नाही.

जुना_सरदार

होऊ दे की फटकेबाजी. खोकी भरण्यापेक्षा बरी.

मोगरा

आता माझी सही चालेल. फक्त माझ्या शनिवारी पाच टर्न वाढवलेत, तेवढं लक्षात ठेवा. पाच टर्न म्हणजे युद्धात पाऊण तास.

अजून_एक_टर्न

तीन करू का?

षटकोनी

तीन टर्नमध्ये सैन्य नदी ओलांडत नाही.

चतुरंग_४७

डावाच्या वेगाप्रमाणे ठेवा म्हणावं, आकडा त्यांच्यावर सोडा. ती त्यांची नोकरी आहे.

अजून_एक_टर्न

ठीक. आकडा काढतो, “मोजके टर्न” लिहितो. उद्या इंग्रजी करतो आणि परवा पाठवतो.

पिंट्याचे_काका

सगळं वाचलं. वेढ्याचं वर्णन आवडलं. मलाही हा तुमचा सिव्ह खेळून बघावासा वाटतोय. ७ घेऊ का?

जुना_सरदार

लॅपटॉप कुठला आहे?

पिंट्याचे_काका

पिंट्याचा जुना. तो इंजिनिअरिंगला होता तेव्हाचा. आता त्याचं लग्न होऊन सहा वर्षं झाली.

जुना_सरदार

मग ५ घ्या काका. त्यात युगं बदलतात, पण तुमचं काही जात नाही.